टीबी, एचआयव्ही आणि अ‍ॅड्रिनल: एकेटी सुरू करण्याआधी या चुका टाळा

दर दोन-चार महिन्यांनी असा एक पेशंट रेफर होऊन येतो आणि चिठ्ठीवर तेच लिहिलेलं असतं, "एकेटी सहन होत नाही, उलट्या, अशक्तपणा". एकेटीने, म्हणजे टीबीच्या औषधांनी, उलट्या होतात हे खरंच आहे, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाईड दोन्ही पोटाला त्रास देतात. पण त्या उलट्यांमागे कधीकधी अ‍ॅड्रिनल बसलेली असते आणि ती चुकली की पेशंट हातातून जातो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

अ‍ॅड्रिनल म्हणजे दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर बसलेल्या छोट्या ग्रंथी. बीपी सांभाळणारं कॉर्टिसॉल आणि अंगात मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन त्या बनवतात. थॉमस अ‍ॅडिसनने १८५५ मध्ये या ग्रंथी निकामी होण्याचा आजार लिहिला तेव्हा त्याच्या बऱ्याच पेशंटांच्या अ‍ॅड्रिनल टीबीनेच खाल्लेल्या होत्या, आणि आपल्याकडे टीबी आजही मोठं कारण आहे. अडचण अशी की ग्रंथीचा साधारण ९० टक्के भाग जाईपर्यंत लक्षणं ठळक दिसतच नाहीत. उरलेल्या दहा टक्क्यांवर माणूस महिनोन्‌महिने कसाबसा चालत राहतो, थोडा बारीक होतो, थोडा काळवंडतो, आणि घरचे म्हणतात टीबी आहे ना, मग होणारच.

आता सगळ्यात मोठी चूक. अशा माणसाला काही न बघता रिफाम्पिसिन सुरू करणं. रिफाम्पिसिन लिव्हरमधली एन्झाईम्स वाढवतं आणि ती कॉर्टिसॉल भराभर मोडून टाकतात. धडधाकट अ‍ॅड्रिनल असेल तर ती जास्त बनवून भरपाई करते, पण जिच्यात दहाच टक्के जीव उरलाय ती कुठून आणणार?

माझ्या रेसिडेन्सीतला एक पेशंट मी विसरू शकत नाही. चाळिशीतला शेतकरी, थुंकीत टीबी सापडलेला, एकेटीचा बारावा दिवस. उलट्या होतात म्हणून आला, आम्ही लिव्हरचे रिपोर्ट केले, नॉर्मल आले, सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन देऊन ठेवलं. रात्री बीपी ८०/५०. सेप्सिस समजून अँटिबायोटिक वाढवलं. सोडियम ११८ इतकं कमी आणि पोटॅशियम ५.९ इतकं जास्त आलं तेव्हा सीनियर धावत आले आणि त्यांनी पहिलं काय केलं असेल तर टॉर्च घेऊन त्याचं तोंड उघडून बघितलं. हिरड्यांवर आणि गालाच्या आतून शाई सांडल्यासारखे निळे-काळे डाग. तळहाताच्या रेषा काळ्या. बायकोला विचारलं, "ताई, हे मीठ जास्त खातात का हो?" ती म्हणाली, "अहो डॉक्टर, लोणच्याच्या बरणीतला खार वाटीत घेऊन पितात, दोन महिने झाले." दोन दिवस ती बाई कॉटशेजारी बसून होती आणि आमच्यापैकी एकानेही तिला काही विचारलं नव्हतं.

कॉर्टिसॉलसाठी रक्त काढलं आणि रिपोर्टची वाट न बघता कॉर्टिसॉलची जागा घेणारं हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ शिरेतून दिलं, पहिल्या तासात एक लिटर नॉर्मल सलाईन, मग दर सहा तासांनी ५० मिग्रॅ. सकाळी तो उठून बसला आणि चहा मागितला. कॉर्टिसॉल नंतर आलं, २.१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. त्या अवस्थेत ते भरपूर वर असायला हवं होतं. सीटीत दोन्ही अ‍ॅड्रिनल सुजलेल्या. इथे एक सांभाळायचं, हायड्रोकॉर्टिसोन मिळालं की किडनी अडवलेलं पाणी एकदम सोडते आणि सोडियम झपाट्याने चढतं, ते २४ तासांत ८ ते १० च्या वर चढू द्यायचं नाही, नाहीतर मेंदूला इजा होते. मी सुरुवातीला दर चार-सहा तासांनी सोडियम करतो, खर्च होतो, होऊ दे.

पण गोष्ट इथे संपली नाही. त्याला घरी सोडताना हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २० मिग्रॅ लिहिलं गेलं, पुस्तकातला नेहमीचा डोस, आणि तीन आठवड्यांत तो तसाच गळून परत आला. रिफाम्पिसिन चालू असताना हा डोस पुरत नाही, साधारण दुप्पट लागतो, कधी त्याहून जास्त, आणि अल्डोस्टेरॉनची जागा घेणारं फ्लुड्रोकॉर्टिसोनही वाढवायची वेळ येऊ शकते. रिफाम्पिसिन बंद झालं की पुढच्या दोनेक आठवड्यांत डोस हळूहळू खाली आणायचा. मी हे कागदावर मराठीतच लिहून देतो, टीबीची गोळी संपली की डोस कमी करायला या, पण स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका. कारण टीबी बरा झाला तरी अ‍ॅड्रिनल सहसा परत येत नाही.

त्यानंतरची माझी सवय अशी: टीबीच्या प्रत्येक नव्या पेशंटचं बीपी झोपवून आणि उभं करून बघतो, तोंडात टॉर्च मारतो, सोडियम करतो. तीन मिनिटांचं काम आहे आणि "ओपीडीत वेळ कुठे असतो" हे मला पटत नाही. शंका आली तर रिफाम्पिसिनच्या पहिल्या गोळीआधी सकाळी ८ चं कॉर्टिसॉल. ३ च्या खाली असेल तर प्रश्नच मिटला, १५ च्या वर असेल तर बहुधा ठीक, मधलं आलं तर ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवायला लावणाऱ्या एसीटीएच हार्मोनचं इंजेक्शन देऊन टेस्ट. आणि पेशंट घसरतोय असं वाटलं तर आधी स्टेरॉइड, टेस्ट नंतर.

दोन्ही अ‍ॅड्रिनल मोठ्या दिसल्या म्हणजे टीबीच, हेही धरून चालू नका. थुंकीत काही नाही, दुसरीकडे कुठे टीबी नाही, तर सुईने तुकडा काढा. हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी आपल्या देशातही आहे आणि सीटीवर अगदी टीबीसारखी दिसते, तिला एकेटी देत बसलात तर महिने फुकट जातात.

एचआयव्हीत गोष्ट उलटीही होते. सीडी-४ खूप खाली गेलेल्यात सीएमव्ही व्हायरस अ‍ॅड्रिनल पोखरतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण रिटोनाव्हिर हे एचआयव्हीचं औषध घेणाऱ्या पेशंटला दम्यासाठी फ्लुटिकासोनचा पंप किंवा गुडघ्यात ट्रायमसिनोलोन दिलं तर काय होतं ते कुणी विचारत नाही. रिटोनाव्हिर लिव्हरमधली तीच एन्झाईम्स दाबतं, स्टेरॉइड अंगात साठतं, चेहरा गोल होतो आणि स्वतःची अ‍ॅड्रिनल झोपी जाते. मग कुणीतरी घाईने पंप बंद करतं आणि पेशंट कोसळतो. पंप लागणारच असेल तर बेक्लोमेथासोनचा द्या.

आता रक्तस्राव, कारण इथे वर सांगितलेला टॉर्च कामाचा नाही. अ‍ॅड्रिनलमध्ये रक्त आणणाऱ्या धमन्या पुष्कळ आणि बाहेर नेणारी मुख्य शीर एकच, ती तुंबली की ग्रंथी फुगते आणि आतच रक्त सांडतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींना हिपॅरिन चालू होतं, आठव्या दिवशी कमरेच्या वर दोन्ही बाजूंना दुखायला लागलं, ताप, बीपी खाली, हिमोग्लोबिन दोनने उतरलं. अँटिबायोटिक तीनदा बदललं. अ‍ॅड्रिनलचं नाव निघालं तेव्हा उत्तर मिळालं, "पण त्या काळ्या कुठे पडल्यात, पोटॅशियमपण नॉर्मल आहे." अरे, काळं पडायला एसीटीएच कित्येक आठवडे वर राहावं लागतं, हा प्रकार दोन दिवसांतला आहे! सीटीत दोन्ही ग्रंथी रक्ताने भरलेल्या निघाल्या, आणि प्लेटलेट्स निम्म्यावर आल्या होत्या, म्हणजे हिपॅरिननेच विपरीत रिअ‍ॅक्शन दिली होती. हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलं, हिपॅरिन थांबवून दुसरं रक्त पातळ करणारं औषध दिलं, आणि सलाईनला न जुमानणारं बीपी काही तासांत वर आलं. वारंवार गर्भपात किंवा पायात रक्ताच्या गाठी झालेल्या बाईला असं झालं तर अँटिफॉस्फोलिपिडची तपासणी करा.

आणि एक शेवटचं, टीएसएच थोडं वाढलेलं दिसलं म्हणून कॉर्टिसॉल कमी पडणाऱ्या पेशंटला आधी थायरॉईडची गोळी देऊ नका. कॉर्टिसॉल न भरता थायरॉक्सिन दिलं तर तेच पेशंटला कोसळवतं, आणि पुष्कळदा स्टेरॉइड सुरू केल्यावर टीएसएच आपोआप खाली येतं.