स्कोपिंग की सिस्टिमॅटिक? रिव्ह्यू निवडताना या चुका टाळा

एखाद्या विषयावर कोणकोणतं संशोधन झालं आहे याचा नकाशा मांडतो तो स्कोपिंग रिव्ह्यू; एका नेमक्या प्रश्नावरचे अभ्यास गुणवत्ता तपासून एकत्र करतो आणि उत्तर देतो तो सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. यांत सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी: अभ्यासांची गुणवत्ता तपासायचा व्याप नको म्हणून स्कोपिंग रिव्ह्यू निवडायचा आणि शेवटी निष्कर्ष मात्र सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा काढायचा.

समजा, प्रश्न आहे: मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवले तर क्षयरोगाचे रुग्ण गोळ्या जास्त नियमित घेतात का? शोधातून ४० अभ्यास हाती लागले. त्यांतल्या २८ मध्ये फायदा दिसला, म्हणून लिहिलं, "बहुतांश अभ्यासांनुसार संदेश उपयुक्त ठरतात." वाचायला ठीक वाटतं. पण त्या २८ पैकी २२ अभ्यासांत तुलनेचा गटच नव्हता, आणि उरलेल्या १२ मध्ये तीन मोठ्या यादृच्छिक चाचण्या होत्या, ज्यांत फरक आढळला नाही. स्कोपिंगच्या तक्त्यात वीस रुग्णांच्या अभ्यासालाही एक ओळ आणि हजार रुग्णांच्या चाचणीलाही एकच ओळ. अशी डोकी मोजून परिणाम ठरत नाही. "फायदा होतो का" हा प्रश्न सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचाच आहे. तिथे प्रत्येक अभ्यासातल्या पूर्वग्रहाची जोखीम तपासावी लागते आणि परिणाम किती मोठा, किती खात्रीचा हे सांगावं लागतं.

याच विषयावर स्कोपिंगचा प्रश्न वेगळा असतो: असे संदेश कुठे, कोणासाठी, कशा स्वरूपात वापरले गेले आणि "नियमितपणा" कोणी कसा मोजला? कुणी गोळ्या मोजल्या, कुणी रुग्णालाच विचारलं, कुणी लघवीची तपासणी केली. ही विविधता मांडणं हेच स्कोपिंगचं खरं काम, आणि माझ्या मते ते मुळीच दुय्यम नाही. म्हणूनच इथे रुग्णगट, संकल्पना आणि संदर्भ एवढं ठरवून चालतं. परिणामाच्या प्रश्नात मात्र उपाय, तुलना आणि निष्पत्ती आधीच नेमकी बांधावी लागते.

शंका असेल तर शोध सुरू करण्याआधी शेवटचा तक्ता रिकामाच आखून बघा. रकाने देश, वर्ष, अभ्यासाचा प्रकार, मोजण्याची पद्धत असे आले तर स्कोपिंग. परिणामाचा आकडा, विश्वास अंतराल, पूर्वग्रहाची जोखीम असे आले तर सिस्टिमॅटिक.

"स्कोपिंग लवकर उरकतं" हाही गैरसमजच. प्रश्न रुंद असल्याने चाळायचे सारांश अनेकदा जास्तच निघतात, आणि प्रोटोकॉल, दोन जणांनी स्वतंत्रपणे निवड हे इथेही हवंच. अहवालासाठी २०१८ ची प्रिझ्मा-एससीआर यादी वापरा.

काम अर्ध्यावर आल्यावर चूक कळली तर नुसतं शीर्षक बदलू नका. एक तर निष्कर्षातून परिणामाचे दावे काढून टाका, नाहीतर प्रश्न अरुंद करून नवा प्रोटोकॉल लिहा. स्कोपिंगचा प्रोटोकॉल प्रॉस्पेरो या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूंच्या ऑनलाइन नोंदवहीत घेतला जात नाही. तो ओपन सायन्स फ्रेमवर्कवर नोंदवता येतो.