निकषवार गुण JSON मध्ये भरताना या चुका टाळा

तीन गुणांचा प्रश्न: तारे का लुकलुकतात? योजनेत तीन निकष, प्रत्येकी 1 गुण. K1: वातावरणाच्या थरांचा अपवर्तनांक सतत बदलतो. K2: त्यामुळे प्रकाश वाकत राहून ताऱ्याची दिसणारी जागा बदलते. K3: तारा फार दूर, म्हणून बिंदूसारखा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी एकूण गुण ठरवणे. उत्तर वाचायचं, मनात "दोन देऊ" म्हणायचं आणि मग ते दोन निकषांत वाटायचे. घाईतला तपासनीस पहिल्या दोन निकषांना 1-1 देतो, तिसऱ्याला 0. एकदा आमच्या सराव चाचणीत वर्गातल्या जवळपास सगळ्यांचा K3 शून्य आला. मी एक अख्खा तास "बिंदूसारखा स्रोत" पुन्हा शिकवला. नंतर पेपर उघडले, तर निम्म्या मुलांनी तोच मुद्दा लिहिलेला, आणि चुकलेला होता K1! एकूण गुण बरोबर होते, म्हणून कुणालाच शंका आली नाही.

तेव्हापासून माझी सवय: आधी मुलाचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे, मग गुण.

```json
{"id": "R17-Q4", "marks": [
 {"k": "K1", "evidence": "हवा हलत असते", "got": 0},
 {"k": "K2", "evidence": "प्रकाश वाकतो आणि तारा जागा बदलल्यासारखा वाटतो", "got": 1},
 {"k": "K3", "evidence": "तारे खूप लांब असल्यामुळे ठिपक्यासारखे दिसतात", "got": 1}
]}
```

"हवा हलत असते" यात अपवर्तनांक बदलल्याचं कुठेच नाही, म्हणून 0. मुलाला तेच म्हणायचं असेल, असं आपण मनाने भरायचं नाही. आणि K1 गेला म्हणून K2 कापायचा नाही. एका चुकीची शिक्षा एकदाच. `evidence` मधलं वाक्य उत्तरात शोधून सापडलं नाही, तर ती नोंद मी परत पाठवतो. वेळ जातो, हे खरं. पण ज्यांना तो वाचवायचाय त्यांनी निकषवार गुण देऊच नयेत, सरळ तीनपैकी दोन लिहावेत.

एकूण गुणांचा रकानाच मी ठेवत नाही. बेरीज प्रोग्रामने करावी, हाताने लिहिलेली बेरीज कधी ना कधी जुळत नाही.

दुसरी खोड: फोटोत कापलं गेलेलं उत्तर. तिथे 0 नाही, `null`. शून्य म्हणजे वाचलं आणि मुद्दा नव्हता.

अर्धा गुण `0.5` असाच; `.5` किंवा ½ लिहिलं की फाईल उघडतच नाही. देवनागरी १ चंही तेच. अवतरणात `"1"` लिहिलं तर फाईल उघडते, पण जावास्क्रिप्ट शून्यापासून बेरीज करताना 1, 0, 1 चं 2 न करता `"0101"` करतं. हा विद्यार्थी मग एकशे एक गुणांनी पहिला येतो.