नाणं की बटण सेल? एक्स-रे बघताना या चुका टाळा

कॅज्युअल्टीत इतकी वर्षं काढली, पण एक वाक्य अजून ऐकू येतं आणि दर वेळी डोकं सटकतं: "सर, नाणंच आहे, सकाळी काढू." एक्स-रेत गोल पांढरं दिसलं की नाणं, असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक.

दीड वर्षाची एक मुलगी रात्री साडेनऊच्या सुमारास आली, सारखी लाळ गळत होती आणि दूध पाजलं की बाहेर येत होतं. आजी म्हणाल्या सातच्या सुमारास ती पैशांच्या डब्याशी खेळत होती, म्हणजे नाणंच गेलं असणार. एक्स-रेत गळ्याच्या हाडांच्या पातळीवर मोठा गोल ठिपका, तोही अगदी स्वच्छ. ज्युनियरने लिहून टाकलं 'नाणं, अन्ननलिकेत', आणि पोट भरलेलं आहे म्हणून भूल सकाळी द्यायची असंही ठरवलं. मी स्क्रीनवर फोटो मोठा केला, तर कडेच्या आत अजून एक बारीक रिंग दिसत होती. साध्या नाण्याला अशी आतली रिंग नसते, ती सेलची खूण. लगेच बाजूने फोटो काढला, तर कडेला छोटीशी पायरी, म्हणजे एक बाजू रुंद आणि दुसरी थोडी अरुंद. तोवर वडिलांनी घरी फोन लावून शोधायला सांगितलं, तर वजनकाट्याचं झाकण उघडं पडलेलं आणि आतला सेल गायब.

सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं? अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन्ही बाजूंनी ओल्या भिंतीला चिकटतो आणि त्यातून करंट वाहायला लागतो. त्याच्या निगेटिव्ह बाजूला तीव्र अल्कली तयार होतं आणि ते मांस जाळत जातं, आणि त्यासाठी सेल फुटायची किंवा गळायची गरज नसते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल 'संपलेला' असला तरी जाळण्याइतकी ताकद त्यात उरलेली असते, त्यामुळे "अहो, जुनाच होता" यावर मी विसंबत नाही. सगळ्यात घातक तो २० मिमीचा ३ व्होल्टचा लिथियम सेल, सीआर२०३२ वगैरे, कारण लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो बरोबर अडकतो.

पायरी असलेली अरुंद बाजू म्हणजे निगेटिव्ह, जळणार ती तिकडे. या मुलीत ती पुढे होती, श्वासनलिकेकडे. पोट रिकामं होण्याची वाट न बघता दुर्बिणीने सेल काढला तेव्हा समोरच्या भिंतीवर काळा डाग पडलेलाच होता. नंतर अन्ननलिका अरुंद झाली आणि ती दोनदा रुंद करावी लागली. पोरगी बरी आहे, पण ती रात्र मी विसरलेलो नाही.

आता जागेचं. दुसरी चूक म्हणजे फक्त छातीचा फोटो काढणं. माझी सवय, मान, छाती आणि पोट सगळं आलंच पाहिजे, आणि बाजूचा फोटो घेतलाच पाहिजे. सेल अन्ननलिकेत असेल तर तात्काळ काढायचा, लक्षणं असोत वा नसोत. नाणं अन्ननलिकेत आहे पण मूल मजेत आहे, लाळ नाही, श्वास ठीक, तर देखरेखीखाली १२ ते २४ तास थांबता येतं, काही नाणी आपोआप खाली सरकतात, म्हणून काढण्याआधी फोटो परत काढायचाच. नाणं पोटात गेलं असेल तर बहुतेक वेळा शीमधून बाहेर येतं. सेल पोटात गेलेला असला तरी निर्धास्त होऊ नका, पाच वर्षांखालच्या मुलात २० मिमीचा असेल तर लवकर काढायचा का हे पोटविकारतज्ज्ञांना विचारा, कारण वाटेत त्याने अन्ननलिका भाजली असू शकते.

उलटी करवू नका. भाकरी-केळं कोंबून 'खाली ढकलू' नका.

सेल गिळला असेल तर मध मात्र खरंच उपयोगी आहे, पण एक वर्षावरच्या मुलालाच, १२ तासांच्या आत, तेही मूल नीट गिळू शकत असेल तर. दर १० मिनिटांनी दोन चमचे, जास्तीत जास्त सहा वेळा, तेही हॉस्पिटलकडे जाताना. मध शोधायला दुकानात जाऊन वेळ घालवणारे पालकही पाहिलेत, तसं करू नका.

आणि काढून झालं म्हणजे संपलं असं नाही. जळलेली जागा पुढचे काही आठवडे खोल जात राहू शकते, जवळच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंतही. घरी गेल्यावर उलटीत थोडंसं जरी रक्त दिसलं किंवा शी काळी झाली, तर घसा सोलला असेल म्हणून थांबू नका, तडक परत या.