एक टेबल, दोन भावंडं: वेळापत्रक लिहिताना या चुका टाळा

आमच्या घरी अभ्यासाचं टेबल एकच आहे, तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद. थोरली दहावीत, धाकटा सहावीत. जूनमध्ये रोज संध्याकाळी एकच आरडाओरडा असायचा: "ताई उठतच नाहीये!" शेवटी मी रविवारी बसून वेळापत्रक लिहिलं आणि भिंतीवर चिकटवलं. ते पाच दिवसही टिकलं नाही. दुसरं मात्र दिवाळीनंतरही चालू आहे. पहिल्यात काय चुकलं, ते सांगते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी पूर्ण दिवस वाटायला गेले. एक तास तिचा, एक तास त्याचा. खरं तर तिची शाळा सकाळची आणि त्याची दुपारची, म्हणजे अर्ध्या दिवसात भांडायला समोर कोणी नसतंच. हे माझ्या लक्षात आलं ते कॅलेंडरच्या मागे दुधाच्या हिशेबाखाली आठवडाभर भांडणांची नोंद ठेवल्यावर. भांडण कधी झालं आणि कशावरून, एवढंच लिहायचे. सात भांडणं झाली, त्यातली पाच संध्याकाळी साडेसहा ते नऊमध्ये. वेळापत्रक लागत होतं ते तेवढ्याच अडीच तासांना. तुम्हीही आधी ही नोंद ठेवा, कागद नंतर आखा.

दुसरी चूक, कोणत्या अभ्यासाला टेबल लागतं हे मी विचारलंच नाही. थोरलीला भूमितीच्या रचना काढायला टणक, सपाट जागा हवी. गादीवर वही ठेवली की कंपासचं टोक घसरतं आणि कंस तुटतो. धाकट्याला गणित आणि चित्रकलेला टेबल हवं. पण कविता पाठ करणं, इतिहासाची उत्तरं वाचणं तो येरझाऱ्या घालतही करतो. माझ्या पहिल्या कागदावर तो टेबलाशी बसून कविता म्हणत होता आणि ती जमिनीवर वाकून त्रिकोण काढत होती. भांडण होणार नाही तर काय! मग दोघांना आपापल्या कामांपुढे 'टेबल' किंवा 'कुठेही' असं लिहायला लावलं. धाकट्याची जवळजवळ निम्मी कामं 'कुठेही'त गेली.

दुसरा कागद दोघांनीच लिहिला. दुपारी दीड ते साडेतीन टेबल थोरलीचं. सकाळी साडेआठ ते साडेदहा धाकट्याचं. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात धाकटा, कारण एरवी आठनंतर त्याला झोप आवरत नाही. सात चाळीस ते नऊ थोरली. "तिला संध्याकाळी वीस मिनिटं जास्त का?" हे त्याने लगेच विचारलं. तेव्हा आम्ही खाली बेरीज लिहिली: तिचे तीन तास वीस मिनिटं, त्याचे तीन तास. तिचं बोर्डाचं वर्ष आहे, हे कारणही त्यापुढे लिहिलं. कारण कागदावर आल्यावर त्याने मान्य केलं. नुसतं "ती मोठी आहे" म्हटलं असतं तर केलं नसतं.

साडेसात ते सात चाळीस ही मधली दहा मिनिटं विसरू नका. पहिल्या कागदावर एकाची वेळ संपते त्याच क्षणी दुसऱ्याची सुरू होत होती. प्रत्यक्षात टेबलावर खोडरबराचा भुगा, उघडी रंगपेटी, अर्धवट गणित असायचं आणि खरं भांडण त्या पसाऱ्यावरून व्हायचं. आता प्रत्येकाची एक प्लास्टिकची टोपली आहे. उठणाऱ्याने आपलं सामान टोपलीत टाकायचं, भुगा पुसायचा. तरीही "अजून सात वाजून सव्वीसच झालेत" असा वाद दोनदा झाला, कारण भिंतीवरचं घड्याळ मोबाइलच्या चार मिनिटं पुढे होतं. कोणतं घड्याळ धरायचं, तेही लिहून टाका. आमच्याकडे भिंतीवरचं धरतात.

रात्री पावणेदहा ते साडेदहा आम्ही रिकामं ठेवलंय. ज्याची दुसऱ्या दिवशी चाचणी असेल त्याने आठच्या आत पेन्सिलीने नाव लिहायचं. दोघांचीही असेल तर धाकटा स्वयंपाकघरातल्या ओट्याशी स्टूल घेऊन बसतो. पाहुणे आले किंवा कोणी आजारी पडलं की त्या दिवशी कागद बाजूला. त्या दिवसाची भरपाई मागायची नाही, हेही ठरलंय.

उसनी वेळ मात्र नक्की लिहा. विज्ञानाच्या चाचणीआधी त्याने तिला आपला अर्धा तास दिला आणि तिने तो परत केलाच नाही. तीन दिवस अबोला! तेव्हापासून कागदाच्या कडेला 'देणं' असा एक रकाना आहे, आठवड्याच्या आत फेडायचा. काल त्यात धाकट्याच्या अक्षरात होतं, "ताई, १५ मिनिटं, चित्र पूर्ण करायचंय." खाली तिने लिहिलं होतं, "घे. शनिवारी परत."