क्रुस्कल: बेरीज कमी आली म्हणून खूश झालो होतो

ग्राफचे सगळे नोड्स सायकल न होऊ देता, वजनांची बेरीज कमीत कमी ठेवून जोडणारं झाड काढायची पद्धत म्हणजे क्रुस्कल. ग्राफ थिअरीच्या असाइनमेंटमध्ये तो आला की बहुतेकांना वाटतं, हे सोपं आहे. मलाही वाटलं होतं. एजेस वजनाप्रमाणे चढत्या क्रमाने लावायच्या, एकेक उचलायची, सायकल होत असेल तर सोडायची, `n` नोड्ससाठी `n - 1` एजेस झाल्या की थांबायचं. कागदावर हे खरंच सोपं आहे, कारण सायकल डोळ्यांना दिसते. कोडला ती दिसत नाही, त्याला युनियन-फाइंड लागतं, म्हणजे कोणते नोड्स आधीच जोडून एका गटात आलेत ते लक्षात ठेवणारी रचना. माझे तीन दिवस तिथेच गेले, तेही एका ओळीत.

मी लिहिलं होतं ते असं:

```python
if find(u) != find(v):
    parent[u] = v
    total += w
```

वाचताना काही खटकत नाही. `u` आणि `v` वेगळ्या गटांत आहेत, म्हणून त्यांना जोडलं. पण आता चार नोड्सचा ग्राफ घ्या. एजेस अशा: 1-2 वजन १, 1-3 वजन २, 2-3 वजन ३, 3-4 वजन ४. हाताने केलं तर 2-3 सोडावी लागते आणि बेरीज १ + २ + ४ = ७ येते.

कोड काय करतो ते सावकाश पाहा. सुरुवातीला प्रत्येक नोड स्वतःचाच पालक असतो, आणि `find` पालकामागून पालक धरत गटाच्या मुळापर्यंत पोचतं. पहिल्या एजला 1 चा पालक 2 झाला. दुसऱ्या एजला `find(1)` येतं 2 आणि `find(3)` येतं 3. वेगळे आहेत, म्हणून 1 चा पालक 3 झाला. इथेच घात झाला! 1 ने 2 चा हात सोडून 3 चा धरला आणि 2 एकटा मागे राहिला. आपण 1-2 एज निवडलेली आहे, पण `parent` मध्ये त्याची खूणच उरली नाही. आता 2-3 आली की कोडला ते दोघे परके वाटतात. तो ती घेतो, सायकल होते, तीन एजेस भरल्या म्हणून लूप थांबतो. बेरीज ६, आणि 4 नंबरचा नोड झाडात नाहीच.

मला ७ च्या जागी ६ दिसले तेव्हा मी खूश झालो होतो. कमीत कमीच तर हवं होतं! बरोबर उत्तरापेक्षा कमी बेरीज येणं शक्यच नाही, ती आली म्हणजे ते झाडच नाही, हे लक्षात यायला फार उशीर झाला.

जोडायचं असतं ते मुळांना, नोड्सना नाही:

```python
ru, rv = find(u), find(v)
if ru != rv:
    parent[ru] = rv
    total += w
```

मूळ हललं की त्याच्याखालचा अख्खा गट सोबत जातो, कोणी मागे राहत नाही.

चूक लपते कशी, तेही सांगतो. 1-2, 2-3, 3-4 अशा सरळ साखळीवर चुकीचा कोडही बरोबर चालतो, कारण दर वेळी `u` हा योगायोगाने मूळच असतो. वरच्याच ग्राफमध्ये 1-3 ऐवजी 3-1 लिहिलं तर उत्तर ७ येतं. एजला दिशा नसताना टोकांच्या क्रमाने उत्तर बदलत असेल, तर दुसरीकडे कुठेही शोधू नका, युनियनच बिघडलंय.

याहून खात्रीची परीक्षा म्हणजे `n - 1` ला थांबणं तात्पुरतं काढून टाका आणि सगळ्या एजेस संपेपर्यंत चालवा. या चुकीमुळे गट उगाच फुटतात, पण उगाच जुळत मात्र कधीच नाहीत. त्यामुळे हवी असलेली एज कधी सुटत नाही, फक्त नको त्या जास्तीच्या घेतल्या जातात. वरच्या उदाहरणात तीनऐवजी चार मोजल्या जातील. लवकर थांबणं हा मला आता शॉर्टकट कमी आणि चुकीवर टाकलेलं पांघरूण जास्त वाटतो.

आमच्या एका सीनियरने तेव्हा सांगितलं, "पाथ कॉम्प्रेशन टाक, ठीक होईल." मी टाकलं आणि एक संध्याकाळ घालवली. कॉम्प्रेशनने वेग वाढतो, पण बरोबर कोडचं उत्तर त्याने बदलत नाही. माझं मत अगदी पक्कं आहे: आधी साधं `find` लिहा, छोट्या ग्राफवर `parent` ची यादी प्रत्येक एजनंतर छापून बघा, मगच रँक आणि कॉम्प्रेशनकडे वळा. असाइनमेंटच्या आकाराला साधं `find` बहुधा पुरतंही.

आणि दोन गोष्टींनी घाबरू नका. समान वजनाच्या एजेस असतील तर तुमचं झाड मित्राच्या झाडापेक्षा वेगळं दिसू शकतं, बेरीज जुळली की दोन्ही बरोबर. सगळ्या एजेस संपूनही `n - 1` भरल्या नाहीत, तर आधी दिलेला ग्राफच तुटक आहे का ते बघा. माझ्या शेवटच्या प्रश्नात तो तसाच होता, आणि मी बरोबर झालेला कोड पुन्हा उसवायला बसलो होतो.