क्यू रिकामी झाली, शिफ्ट अजून बाकी आहे

सपोर्ट डेस्कवर नवीन आलेला माणूस भरलेल्या क्यूला, म्हणजे उत्तराची वाट बघणाऱ्या तिकिटांच्या रांगेला घाबरतो. ग्राहकाची प्रत्येक तक्रार म्हणजे एक तिकीट, पण त्याची खरी पंचाईत होते ती क्यू रिकामी झाल्यावर. शिफ्ट अर्धी उरलेली, नावावर एकही नवं तिकीट नाही आणि टीम लीड मागून ये-जा करतोय. मग कुणी सारखं रिफ्रेश करत बसतं, कुणी शेजाऱ्याच्या यादीतलं सोपं तिकीट उचलतं, तर कुणी जुन्या तिकिटावर उगाच "काही अपडेट?" लिहून पाठवतं. पहिल्यात नुसता वेळ जातो, बाकीच्या दोन्हींत नुकसान होतं. मी ईमेल आणि फॉर्मवरून येणाऱ्या तिकिटांच्या डेस्कवर काम करते, त्यामुळे इथलं सगळं त्या कामाबद्दल आहे. फोनवर बसणाऱ्यांना यातलं थोडंच लागू पडेल.

आधी क्यू खरंच रिकामी आहे का ते बघा. आपल्याला दिसते ती क्यू नसते, क्यूवर लावलेला एक फिल्टर असतो. कालच्या तारखेचा किंवा एखाद्या भाषेचा फिल्टर चुकून तसाच राहिला असेल, किंवा जेवणाहून आल्यावर स्टेटस 'अवे'वरून 'अव्हेलेबल' करायचं राहिलं असेल, तर तिकिटं येतच असतात, फक्त तुमच्याकडे वळत नाहीत. हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. पण सगळ्या टीमची क्यू एकाच वेळी आटली असेल तर संशय घ्या. शेवटचं तिकीट किती वाजता आलं ते बघा आणि मागच्या आठवड्यात याच वारी, याच तासाला किती आली होती त्याच्याशी ताडून बघा. फरक मोठा दिसला तर स्वतःच्या मेलवरून सपोर्टच्या पत्त्यावर एक चाचणी मेल टाका. नेहमी एक-दोन मिनिटांत तिकीट तयार होत असेल आणि आज दहा मिनिटं झाली तरी काही नाही, तर मेल आत येण्याची वाटच कुठेतरी बंद पडली आहे. लगेच लीडला सांगा. स्पॅम समजून बाजूला काढलेल्या मेलची एक वेगळी यादी असते, तीही उघडून बघा. झेंडेस्क या तिकिटांच्या सॉफ्टवेअरमध्ये या मेल सस्पेंडेड म्हणून पडून राहतात आणि १४ दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. त्यात एखाद्या खऱ्या ग्राहकाची मेल अडकलेली असू शकते.

क्यू खरोखरच रिकामी असेल तर अपराधी वाटून घेऊ नका. हा मोकळा वेळ नियोजनात धरलेलाच असतो. एका तिकिटाला सरासरी १० मिनिटं लागतात असं धरा. तासाला ५ तिकिटं आली तर ५० मिनिटं काम आणि १० मिनिटं मोकळी. ६ आली तर कागदावर तास बरोबर भरतो, पण तिकिटं ठरलेल्या अंतरानं येत नाहीत. पहिल्या वीस मिनिटांत एकही येत नाही आणि मग चार एकदम येतात. ती वीस मिनिटं पुढे ढकलून वापरता येत नाहीत, साचलेली तिकिटं मात्र पुढच्या तासात जातात आणि पहिल्या उत्तराची मुदत चुकायला लागते. म्हणून थोडी मोकळीक ठेवावीच लागते. त्यातून एक नियम निघतो: या वेळात हाती घ्यायचं काम असं हवं की नवं तिकीट आलं की ते त्या क्षणी खाली ठेवता येईल. त्यासाठी स्टेटस 'ऑफलाइन' करू नका. 'अव्हेलेबल' राहूनच लीडला एक ओळ टाका: "क्यू रिकामी आहे, माझी पेंडिंग तिकिटं बघतोय, नवीन आलं की आधी ते घेईन." बहुतेक लीडना एवढंच हवं असतं. दुसरं काही करून हवं असेल तर ते तिथेच सांगतात.

पहिलं काम हेच, स्वतःची पेंडिंग तिकिटं. ग्राहकाच्या उत्तराची वाट बघणारं तिकीट पेंडिंगमध्ये जातं, मुदतीचं घड्याळ थांबतं आणि ते आपल्या डोक्यातूनही जातं. सगळ्यात जुनं वर येईल अशी यादी लावा आणि प्रत्येक तिकिटात आपण शेवटी काय विचारलं होतं ते वाचा. तिथे "कृपया अधिक माहिती द्यावी" असलं काहीतरी सापडेल. ग्राहकाला कसली माहिती द्यायची तेच कळलेलं नसतं, म्हणून तो गप्प असतो. तिथे "अपडेट?" पाठवून काही होत नाही. प्रश्न नव्यानं लिहा: "एक्स्पोर्टचं बटण दाबल्यावर फाइल उतरते पण रिकामी असते, की बटण दाबून काहीच होत नाही?" दोन पर्याय समोर ठेवले की एका शब्दात उत्तर देता येतं. ऑन-होल्डमध्ये, म्हणजे दुसऱ्या टीमच्या उत्तरासाठी थांबलेल्या तिकिटांत, वेगळी गोष्ट शोधा: आपण ग्राहकाला दिलेला वायदा. "उद्यापर्यंत कळवतो" लिहून ठेवलेलं असतं आणि उद्या उलटून गेलेला असतो. त्या टीमला विचारा, आणि उत्तर मिळालं नसेल तर ग्राहकाला तसं स्पष्ट कळवून पुढची तारीख द्या.

पेंडिंग संपलं की माझं सगळ्यात आवडतं काम सुरू होतं: पुन्हा पुन्हा येणारी तक्रार एकत्र मांडून बघणं. क्यू भरलेली असताना प्रत्येक जण समोरचं एक तिकीट सोडवतो, सगळी शेजारी ठेवून कुणी बघत नाही. आमच्याकडे एक तक्रार अधूनमधून यायची. पासवर्ड बदलायच्या मेलमधली लिंक उघडली की "ही लिंक आधीच वापरली आहे" असा संदेश दिसतो. आमचं ठरलेलं उत्तर होतं: नवी लिंक पाठवली आहे, बघा. तिकीट सॉल्व्ह. त्यातले काही ग्राहक दुसऱ्या दिवशी तीच तक्रार घेऊन परत.

एका मोकळ्या दुपारी मी तो संदेश जसाच्या तसा अवतरणचिन्हांत टाकून मागच्या दोन आठवड्यांची तिकिटं शोधली. ९ सापडली. चार रकान्यांचा साधा तक्ता केला: तिकीट क्रमांक, ग्राहकाच्या मेलचं डोमेन, लिंक पाठवल्याची वेळ, लिंक वापरल्याची वेळ. शेवटच्या दोन वेळा अॅडमिन पॅनलमध्ये खात्याच्या इतिहासात मिळतात. पूर्ण ईमेल पत्ता किंवा नाव मुद्दामच घेतलं नाही, कारण असले तक्ते पुढे कुणाकुणाकडे जातात याचा नेम नसतो. मधेच दोन नवी तिकिटं आली. मी एका ओळीचं काम पुरं करून मगच पुढची घेत होते, त्यामुळे तक्ता आहे तिथे सोडून ती हातावेगळी केली आणि परत आले.

तक्ता भरल्यावर फारसं डोकं चालवावं लागलं नाही. ९ पैकी ८ पत्ते कंपन्यांच्या डोमेनचे होते. त्या आठही ठिकाणी लिंक पाठवल्यानंतर मिनिटभराच्या आत 'वापरली' अशी नोंद होती, आणि त्यातल्या एकानं तर स्वतःच लिहिलं होतं की मी मेल अर्ध्या तासानं उघडली. म्हणजे लिंक ग्राहकाच्या आधी दुसरंच कुणी तरी उघडत होतं. बऱ्याच कंपन्यांच्या मेलवर सुरक्षेचा फिल्टर असतो. तो मेलमधली प्रत्येक लिंक ग्राहकापर्यंत पोचण्याआधी स्वतः उघडून तपासतो. साध्या लिंकचं त्यानं काही बिघडत नाही, पण आमची लिंक एकदाच चालणारी. फिल्टरनं उघडली की ती खर्ची पडायची. नवी पाठवली की तीही तशीच जायची. उरलेलं नववं तिकीट घरगुती मेलबॉक्सचं होतं, आणि तिथे पासवर्ड खरोखरच बदललेला होता. ग्राहकानं जुनीच लिंक पुन्हा दाबली होती. ते मी तक्त्यातून बाजूला काढलं. असं न जुळणारं एखादं तिकीट आकडा वाढवायला ठेवलं, तर डेव्हलपर नेमकं तेच उघडतात आणि बाकीच्यांवरचाही विश्वास उडतो.

मग डेव्हलपरकडे पाठवायचं एस्केलेशन लिहिलं. त्यात दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवायचं, हे नवीन माणसानं आवर्जून शिकून घ्यावं. वर लिहायचं: ८ तिकिटं, सगळी कंपनी डोमेनवरची, पाठवणं आणि वापर यांत मिनिटाहून कमी अंतर, हे क्रमांक. खाली वेगळ्या ओळीत: बहुधा मेल फिल्टर लिंक उघडत असावा, वापर कुठल्या आयपीवरून झाला ते सर्व्हरच्या लॉगमध्ये बघता येईल का? आम्हाला लॉग दिसत नाही, त्यांना दिसतो. अशा वेळी उपाय साधारण असा असतो की लिंक उघडल्यावर नुसतं पान दिसावं आणि त्या पानावरचं बटण दाबल्यावरच लिंक वापरली गेली असं धरावं. बहुतेक फिल्टर पान उघडतात, बटण दाबत नाहीत. हे होईपर्यंत ग्राहकाला काय सांगायचं तेही ठरवावं लागतं. आमच्याकडे लिंकऐवजी सहा अंकी कोड मागवायची सोय आधीपासून होती, फक्त ठरलेल्या उत्तरात तिचा उल्लेखच नव्हता. लीडला विचारून मॅक्रोमध्ये, म्हणजे सगळी टीम वापरते त्या ठरलेल्या उत्तराच्या साच्यात, त्या सोयीची दोन वाक्यं घातली. "तुमच्या आयटीला फिल्टर बंद करायला सांगा" असं मात्र कधीही लिहू नका. त्यांचा फिल्टर त्याचं काम बरोबर करतोय.

विचारल्याशिवाय मॅक्रोला हात लावू नका, कारण तुमची एक चूक सगळ्या टीमच्या उत्तरांतून बाहेर जाते. जुनी तिकिटं धडाधड बंद करून यादी साफ करण्याचा मोहही आवरा. प्रत्येक तिकीट सॉल्व्ह झालं की बऱ्याच ठिकाणी ग्राहकाला आपोआप मेल आणि समाधानाचा सर्व्हे जातो, आणि महिनाभर गप्प असलेली माणसं एकाच दुपारी चिडून उत्तरं देतात. शेजाऱ्याचं तिकीट न विचारता घेतलं तर एकाच ग्राहकाला दोन वेगळी उत्तरं जातात. आणि वेळ जात नाही म्हणून ग्राहकांची खाती उघडून बघणं तर नकोच. कुठलं खातं कुणी कधी उघडलं याची नोंद राहते, आणि तिच्यासमोर दाखवायला तिकीट क्रमांक नसेल तर उत्तर देणं अवघड जातं.

तक्ता किंवा पेंडिंगची यादी शिफ्ट संपेपर्यंत पुरी झाली नाही, तर हँडओव्हरमध्ये तीन गोष्टी लिहा: कुठपर्यंत आलो, पुढची ओळ कोणती, आणि कुठला सर्च लावला होता. सर्चचे शब्द जसेच्या तसे द्या. नाहीतर पुढच्या शिफ्टचा माणूस थोडे वेगळे शब्द टाकतो, त्याला ९ ऐवजी १४ तिकिटं दिसतात आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.