कर्णबधिर आणि ऐकणाऱ्या मुलांचे एकत्र खेळ : या चुका टाळा

संगीत खुर्चीचा खेळ. आठ मुलं, सात खुर्च्या. गाणं थांबलं, सात जण बसले आणि श्रवणयंत्र लावणारी मुलगी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी सुधारणा केली: गाणं थांबताच लाल रुमाल वर करायचा. ती पुन्हा पहिल्याच फेरीत बाद झाली. मग मी तिच्या मागून चालत पाहिलं, तेव्हा कुठे लक्षात आलं. खुर्च्यांभोवती फिरताना अर्धा वेळ तिची पाठ माझ्याकडे असायची. रुमालावर नजर ठेवायची तर मान वळवून चालावं लागायचं, आणि मान वळवली की समोरची खुर्ची दिसायची नाही. बाकीच्यांना मात्र पाठ असली तरी गाणं थांबलेलं ऐकू येत होतं. रुमालाने तिचं काम वाढलं होतं, बाकीच्यांचं तसंच होतं.

यातली चूक फार जण करतात. आवाजाची खूण तशीच ठेवून तिला दृश्य खुणेचं ठिगळ लावतात आणि खेळ सर्वांसाठी झाला असं समजतात. आवाज चारही बाजूंनी येतो, मागून आला तरी कळतो. खूण मात्र तिकडे डोळे असतील तरच दिसते. म्हणून गाणं पूर्ण बंद करा आणि सगळ्यांना एकच खूण द्या, तीही कुठूनही जाणवेल अशी. खोलीतले दिवे घालवणं उत्तम, फक्त दिवसा पडदे ओढून आधी खात्री करा की फरक ठळक दिसतो. लाकडी जमीन असेल तर मोठा ढोल जमिनीला टेकवून वाजवा, हादरा तळपायाला कळतो. फरशीवर तो जवळजवळ पोचतच नाही, तिथे हा उपाय चालणार नाही. खूण बदलल्यावर आमच्याकडे पहिल्या फेरीत ऐकणारा मुलगा बाद झाला आणि खेळात खरी चुरस आली.

तेव्हापासून कुठलाही खेळ ठरवताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: या क्षणी या मुलाचे डोळे कुठे असतील? कान आणि डोळे एकाच वेळी दोन कामं करू शकतात. जे मूल डोळ्यांनीच ऐकतं, त्याला एका वेळी एकच.

आता थोडा गुंतागुंतीचा खेळ घेऊ. पाच मुलांना गोष्टीची पाच चित्रं द्यायची. प्रत्येकाने आपलं चित्र न दाखवता वर्णन करायचं आणि सगळ्यांनी मिळून क्रम लावायचा. भाषेसाठी फार चांगला खेळ आहे, पण बिघडतो तो अगदी सुरुवातीलाच. आपण कार्डं वाटता वाटता नियम सांगतो. कार्ड हातात आलं की मूल कार्डाकडे बघतं, आणि तेवढ्यात सांगितलेलं सगळं वाया जातं. शेवटी आपण विचारतो, “समजलं ना?” मूल मान हलवतं. त्या होकारावर विसंबू नका. नियम न कळलेलं मूल सहज ओळखता येतं: ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता शेजाऱ्याच्या हातांकडे बघतं, सगळे हसले की क्षणभर उशिरा हसतं. म्हणून क्रम उलटा करा. हात रिकामे असताना आधी दोघांकडून एक डाव खेळून दाखवा, मग नियम सांगा, मग “आता तू काय करणार?” असं विचारा, आणि कार्डं सगळ्यात शेवटी द्या.

खेळ सुरू झाला की दुसरी अडचण येते. मुलं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. आता कोण बोलतंय हे ऐकणाऱ्या मुलाला आवाजावरूनच कळतं. कर्णबधिर मूल ते शोधायला नजर फिरवतं, आणि चेहरा सापडेपर्यंत अर्धं वाक्य संपलेलं असतं. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की ते शोधणंच सोडून देतं, आणि आपल्याला वाटतं त्याला रस नाही. यावर आम्ही एक चेंडू ठेवला. ज्याच्या हातात चेंडू तोच बोलणार, आणि बोलण्याआधी चेंडू वर धरून सगळ्यांचे डोळे आपल्यावर येईपर्यंत थांबणार. पहिल्या दिवशी मुलं कंटाळतात, पण चारेक दिवसांत थांबणं अंगवळणी पडतं. ऐकणारी मुलंही मग एकमेकांचं पूर्ण ऐकू लागतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

बसायचं गोलात, एकमेकांचे चेहरे दिसतील असं. खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीशी आली तर चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. मुलं कार्ड तोंडासमोर धरतात, तिकडेही लक्ष ठेवा.

ओठवाचनावर फार भिस्त ठेवू नका. आरशासमोर आवाज न काढता “पान” म्हणा, मग “भान”, मग “मान”. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. चित्रात झाडाचं पान असेल तर मुलाला “मान” दिसण्याची शक्यता तितकीच. म्हणून पहिली फेरी सगळ्यांनी फक्त हावभाव आणि हातांनी करायची, दुसरीत शब्द किंवा सांकेतिक भाषा. कर्णबधिर मूल सांकेतिक भाषा वापरत असेल तर त्या दिवसाच्या गोष्टीतल्या आठ-दहा खुणा आधी सगळ्या गटाने शिकाव्यात, आणि त्या शक्यतो त्याच मुलाने शिकवाव्यात.

श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट आहे म्हणजे गटात ऐकू येईल, असं धरून चालू नका. यंत्र बोलणं मोठं करतं तसा खुर्च्यांचा खरखराटही मोठा करतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, त्यामुळे दोन हातांवरचा मित्र ऐकू येतो आणि गोलाच्या पलीकडचा गोंगाटात बुडतो. एकाच खोलीत चार गट एकदम खेळत असतील तर हा गट दुसऱ्या शांत खोलीत न्या. हे जमत नसेल तर त्या दिवशी बोलण्याचा खेळ ठेवूच नका, हातांचा ठेवा.

“आधी हात वर करेल त्याला गुण” ही प्रश्नमंजूषा मी बंदच केली. दुभाषी असला तरी खूण पोचायला क्षण-दोन क्षण जास्त लागतात, आणि तेवढ्यात हात वर झालेले असतात. प्रश्न फळ्यावर लिहा, दुभाष्याची खूण संपू द्या, मग बोटांवर दहा मोजा. सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं आणि पाट्या एकदम वर करायच्या.

कर्णबधिर मुलाला कायम गुण लिहायला किंवा कार्डं वाटायला बसवू नका. ते कामात दिसतं, पण खेळात नसतं. “नंतर सांगते” हेही टाळा. विनोद झाला असेल तर तेव्हाच सांगा, खेळ अर्धा मिनिट थांबला तरी चालेल.

एवढं सगळं केलं तरी डोळ्यांनी ऐकणं थकवतं. सलग पंधरा-वीस मिनिटांनी ते मूल चिडचिडं झालं किंवा खिडकीबाहेर बघू लागलं तर शिस्त लावायला जाऊ नका. दहा मिनिटं चित्र रंगवू द्या, मग गटात घ्या.

आणि खेळ संपल्यावर, उशिरा आलेल्या मुलाला तो समजावून द्यायचं काम त्या कर्णबधिर मुलाला द्या. कुठला नियम गळला ते त्यातूनच कळतं. आमच्या गटातल्या कर्णबधिर मुलीने चेंडूचा नियम बरोबर दाखवला, पण क्रम चुकला तर काय करायचं ते तिला माहीतच नव्हतं. ते मी कार्डं गोळा करता करता सांगितलं होतं.